गणिताच्या बाईंचा ब्लाउज

दुकानाला रंग देऊन चार दिवस झाले होते, तरी भिंतींचा वास काही गेला नव्हता. गुरुवारी सकाळी धाकटीने शटर वर केलं, पंखा लावला आणि बेतायच्या टेबलावर निळसर करड्या रंगाचं रेशमी कापड पसरलं. साडीतूनच निघालेला पीस होता तो, ऐंशी सेंटिमीटरचा. चुकलं तर दुसरा कुठून आणणार? बाजारात असा रंग मिळाला तरी साडीशी जुळणार नव्हता.

धाकटी म्हणजे त्या दुकानातली सून. दुकान सुरू केलं सासूने. गिऱ्हाइकं सासूला थोरली म्हणायची आणि सुनेला धाकटी, आणि ही नावं इतकी चिकटली होती की घरीही क्वचित कोणी खऱ्या नावाने हाक मारायचं. थोरलीला आता बारीक काम दिसत नसे. ती दाराजवळच्या खुर्चीत बसून चाचपून हुक लावायची, हेम घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. बेतणं आणि मशीन धाकटीकडे.

हा ब्लाउज सोमवारी सकाळच्या आत द्यायचा होता. धाकटीने टेबलाखालचा खण उघडला. तिथे खाकी कागदाचं कटिंग, म्हणजे कापायचा नमुना, गुंडाळी करून ठेवलेलं असायला हवं होतं. खण रिकामा होता. तिने मागचं कपाट पाहिलं, माळा पाहिला, खिळ्याला टांगलेली सगळी कटिंगं एकेक करून खाली काढली. बत्तीसचं होतं, चौतीसचं होतं, शाळेच्या गणवेशांची होती. ते नव्हतं.

मग तिला रंगारी आठवला. सामान हलवताना त्याने फरशीवर कागद अंथरले होते. तिने फोन लावला. त्याने अगदी आठवणीने सांगितलं, हो, खणात खाकी कागद होते, जाड होते म्हणून डब्यांखाली घातले, काम झाल्यावर सगळा कचरा नीट गोळा करून टाकून दिला. दुकान स्वच्छ करून दिलं म्हणून तिने खूश व्हावं, असाच त्याचा सूर होता. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

कटिंग गेलं तर पुन्हा काढता येतं, मापं हाताशी असली की झालं. पण मापं फोनमध्ये होती, आणि मागच्याच आठवड्यात इस्त्रीच्या टेबलावरून पडून फोन बंद पडला होता. नवऱ्याने तो दुरुस्त करून आणला तेव्हा दुरुस्तीवाल्याचा निरोपही आणला होता: फोन चालेल, पण आतलं जुनं सगळं गेलं. तेव्हा धाकटीला लेकीच्या वाढदिवसाचे फोटो गेल्याचं वाईट वाटलं होतं. त्या फोटोंत एका कागदाचाही फोटो होता, हे तिला आत्ता, रिकाम्या खणासमोर उभं असताना आठवलं. ती स्टुलावर बसली.

इतर गिऱ्हाइकांची मापं वहीत असायची. जाड पुठ्ठ्याची लांबट वही, टेबलावरच पडलेली. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका वाट बघताना ती चाळायच्या, शेजारणीची कंबर किती हे बघून हसायच्या. म्हणूनच हे माप वहीत नव्हतं.

ते माप होतं गणिताच्या बाईंचं. गावातल्या निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, धाकटीची लेकही. आठ महिन्यांपूर्वी बाईंचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर बाई शाळेत गेल्या नाहीत आणि साडीही नेसल्या नाहीत. सैल सदरे घालून घरात बसत. आता डॉक्टरांनी मोकळीक दिली होती आणि सोमवारपासून त्या कामावर रुजू होणार होत्या. जुने ब्लाउज अंगाला नीट बसत नव्हते. एक तर वजन उतरलं होतं, दुसरं म्हणजे डाव्या दंडाला सूज होती. काखेतल्या गाठी काढल्यावर काहींना ती येते, डॉक्टर म्हणाले होते, तिथे घट्ट काही घालू नका.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी धाकटीला घरी बोलावलं होतं. खोलीचं दार लावलं, पडदा ओढला आणि सदरा काढून त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. धाकटीने नेहमीसारखं माप घेतलं. नेहमीसारखं म्हणजे तोंडाने आकडा बोलत, एकेक करून कागदावर लिहीत. बाईंच्या खांद्याचे स्नायू सगळा वेळ ताठ होते. माप संपल्यावर त्यांनी सदरा चढवला, सगळी बटणं लावली आणि मग म्हणाल्या, हे तुमच्या त्या वहीत नको. धाकटीने त्यांच्यासमोरच कागदाचा फोटो काढला आणि कागद त्यांच्या हातात दिला. बाईंनी त्याचे बारीक तुकडे केले. त्याच दुपारी धाकटीने फोटो समोर ठेवून खाकी कागदावर कटिंग काढलं, नाव न लिहिता. दोन्ही बाजू वेगवेगळ्या होत्या, म्हणून एरवी अर्ध्या अंगाचं काढतात ते तिने पूर्ण काढलं होतं.

आता फोटोही नव्हता आणि कटिंगही नव्हतं.

पुन्हा जाऊन माप घेणं एवढंच करायचं होतं खरं तर. पण धाकटीला ते मिटलेले डोळे आठवत होते. त्या बाईंना पुन्हा म्हणायचं, सदरा काढा? आणि कशामुळे, तर माझ्या निष्काळजीपणामुळे? शिवाय त्यांनी विश्वासाने दिलेली गोष्ट आपल्याकडून हरवली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने. तिने ठरवलं, काहीतरी मार्ग काढू.

बाईंनी गळ्याच्या मापासाठी एक जुना ब्लाउज दिला होता. ऑपरेशनच्या आधीचा, अडतीसचा. धाकटीने तो उलटा करून मांजरपाटावर पसरला. रेशमाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिवून बघायचा, असं तिने आधीच ठरवलं होतं. जुन्या ब्लाउजच्या कडेने खडू फिरवला आणि मग आठवायला बसली. पाठ सतरा होती का? एक दंड साडेबारा होता, हे नक्की. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर, सोळा होता, पण कुठल्या बाजूचा? साडेतेरा हा आकडा डोक्यात घोळत होता, पण तो कशाचा ते काही केल्या आठवेना. अंदाजाने बाजूंनी आत घेतलं, डावी बाही सैल ठेवली. शुक्रवारी दुपारपर्यंत कच्चा ब्लाउज तयार झाला. टेबलावर ठेवला तेव्हा तो दिसायला ब्लाउजसारखा दिसत होता, एवढंच म्हणता येईल.

थोरली खुर्चीतून उठून आली. तिने कच्चा ब्लाउज उचलला, दोन्ही बाजूंत मुठी घालून फिरवल्या, मग शेजारी पडलेला जुना उचलून त्यातही घातल्या.

"याच्यावरून काढलास होय हा?" तिने विचारलं.

धाकटीने हो म्हटलं. कोणाचं काम आहे ते तिने सासूलाही सांगितलं नव्हतं. माप हरवलंय, एवढंच सांगितलं आणि पुन्हा घ्यायला जायचं अवघड वाटतंय म्हणाली.

"जुन्यासारखाच हवा असता तर त्या बाईने जुनाच नसता का घातला? तुझ्याकडे कशाला आली असती?" थोरलीने दोन्ही ब्लाउज खाली ठेवले. "मापावर शिवत नाहीयेस तू. भीतीवर शिवतेयस. जा आणि सांग तिला सरळ. चिडली तर चिडू दे. चिडलेलं गिऱ्हाईक परवडतं, पण अंगाला न बसलेला ब्लाउज निमूटपणे घेऊन जाणारं नाही परवडत."

एवढं बोलून ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली आणि हुक लावायला लागली. कोणाचा ब्लाउज, हे तिने विचारलं नाही.

साडेचारला धाकटी बाईंच्या जिन्याशी उभी होती. दोन मजले चढताना तिने मनातल्या मनात चार वेळा वाक्य जुळवलं. दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. आत बसा म्हणाले, चहा टाकतो म्हणाले आणि खरंच स्वयंपाकघरात निघून गेले. बाई टेबलाशी बसून गणिताच्या पुस्तकात खुणा करत होत्या. सोमवारची तयारी चालली होती. धाकटीला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, ब्लाउज झाला.

धाकटीने जुळवलेलं वाक्य विसरून सगळं भडाभडा सांगून टाकलं. रंगारी, फोन, खण, जुन्या ब्लाउजवरून काढलेला कच्चा, तो कसा फसला तेही. शेवटी म्हणाली, "माझी चूक आहे, बाई. तुमच्यापासून लपवायचाही विचार होता माझा. नाही जमलं."

बाईंनी विचारलं, "फोटो कोणाच्या हाती लागला का?"

"नाही. पुसला गेलाय तो. आणि त्यावर नाव नव्हतंच, नुसते आकडे होते."

बाईंनी मान हलवली. त्या पुस्तकाच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. धाकटीला वाटलं, आता उठून जावं. आणि मग बाईंनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, डाव्या हातात पेन्सिल घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. लेकीची वही तपासायच्या तेव्हाचे ते डावीकडे कललेले आकडे धाकटीला ओळखीचे होते.

"त्या दिवशी मी डोळे मिटले होते," बाई म्हणाल्या. "कान नाही मिटता येत. तुम्ही आकडे बोलत होता आणि मी दुसरा काही विचार डोक्यात येऊ नये म्हणून ते आकडे धरून ठेवत होते. एकापुढे एक. आकडे मला लक्षात राहतात, तेवढं एक देणं आहे." त्या थांबल्या. "कशाचा कुठला, ते मात्र माहीत नाही मला."

आणि त्या लिहायला लागल्या. साडेचौदा. चौदा. सतरा. साडेचौतीस. तीस. प्रत्येक आकड्याआधी त्या क्षणभर थांबत, मान किंचित तिरकी करत, जणू खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कोणी बोलतंय आणि त्या ऐकतायत. साडेचौदा पुन्हा. दहा. साडेनऊ. साडेपंधरा. अकरा. साडेतेरा. आठ. सोळा. साडेबारा. नऊ. पेन्सिल खाली ठेवली. पंधरा आकडे होते.

धाकटीचे डोळे चमकले. कारण कशाचा कुठला, हे तिला माहीत होतं. थोरलीने तिला पहिल्या दिवसापासून एकाच क्रमाने माप घ्यायला शिकवलं होतं आणि तो क्रम मोडला की हातावर चापट मिळायची. आधी पाठीमागून, मग पूर्ण घेर, मग पुढची उजवी बाजू, मग डावी, सगळ्यात शेवटी बाहीची उंची. ती उठली आणि टेप गळ्यात अडकवून रिकाम्या खुर्चीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, कारण हात हलल्याशिवाय तिला क्रम सांगता आला नसता.

"खांदा," ती म्हणाली.

"साडेचौदा," बाईंनी आकड्यापुढे शब्द लिहिला.

मागची उंची चौदा. पाठ, या काखेपासून त्या काखेपर्यंत, सतरा. छातीचा पूर्ण घेर साडेचौतीस. खालचा घेर तीस. मग धाकटी खुर्चीच्या पुढे आली. उजवी पुढची उंची साडेचौदा. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत दहा. टक्स, म्हणजे छातीला आकार देणारी चूण, किती खाली घ्यायचा ते यावरून ठरतं. मधल्या रेषेपासून काखेपर्यंत साडेनऊ. मुंढा साडेपंधरा. दंड अकरा. सगळं कसं ओळीने बसत होतं. चहा आला, यजमान कप ठेवून गेले, दोघींनीही वर पाहिलं नाही.

डावी बाजू सुरू झाली. पुढची उंची साडेतेरा. सपाट अंगावर ती कमी भरणारच; तर कालपासून डोक्यात घोळणारा साडेतेरा हा होता. खांद्यापासून टोकापर्यंत आठ. मधल्या रेषेपासून काखेपर्यंत सोळा.

धाकटी थांबली. "सोळा कशी असेल? उजवीकडे साडेनऊ आहे."

त्यांनी पुढे करून पाहिलं. मुंढा साडेबारा आला, दंड नऊ आला आणि बाहीच्या उंचीसाठी आकडाच उरला नाही. एक आकडा बाईंच्या लक्षातून निसटला असणार, आणि कुठला निसटला ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली. निसटलेला नाही, त्या म्हणाल्या, पंधराच होते, मी मोजलेत. त्यांनी खालून वर जायला सुरुवात केली, जशी त्या मुलांना उत्तरावरून गणित तपासायला लावत. बाहीची उंची नऊ. डावा दंड साडेबारा. मुंढा सोळा. मधल्या रेषेपासून काखेपर्यंतची रुंदी आठ. पाठ सतरा, उजवी बाजू साडेनऊ, डावी आठ, तिन्ही मिळून साडेचौतीस. वर लिहिलेला पूर्ण घेर साडेचौतीसच. त्यांनी त्याभोवती गोल केला. म्हणजे आकडे बरोबर होते. राहिली ती एकच जागा: डावीकडचं खांद्यापासून टोकापर्यंतचं माप.

"इथे तुम्ही बोलला नव्हता," बाई म्हणाल्या.

धाकटीला एकदम आठवलं. टेप खांद्यावर धरला होता, खाली आणला होता आणि जिथे थांबवायचा तिथे थांबवण्यासारखं काही नव्हतं. व्रणाची रेषा होती. तिचा आवाज फुटला नव्हता.

"नाही बोलले," ती हळूच म्हणाली. "तिथे मी कागदावर रेघ मारली होती."

बाईंनी पेन्सिल उचलली, साडेतेरा आणि आठच्या मध्ये थोडी जागा होती तिथे एक छोटी आडवी रेघ काढली आणि कागद जरा लांब धरून पाहिला. मग त्या हसल्या. फार मोठ्याने नाही, पण हसल्याच.

"मला वाटलं होतं, तुम्ही एवढ्या पटापट आकडे बोलताय, तुम्हाला काहीच वाटत नसेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा तेही बरं वाटलं होतं. आता हेही बरं वाटतंय."

धाकटीने पदराने डोळे टिपले आणि थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. मग दोघी कामाला लागल्या, कारण बाईंना प्रश्न पडला होता, रेघ आहे तिथे कपड्यात काय धरायचं. धाकटीने समजावून सांगितलं. इस्पितळातून मिळालेलं हलकं पॅड बाई वापरणार होत्या. ते घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात, म्हणून डावीकडची पुढची उंची, टक्स आणि रुंदी उजवीचीच घ्यायची. म्हणजे ब्लाउज होणार सतरा, साडेनऊ आणि साडेनऊचा, छत्तीस. वर नेहमीचा थोडा सैलपणा. डाव्या अस्तरात मऊ सुती कापडाचा खिसा, बाजूने उघडा, पॅड आत सरकवायला. हुक पुढेच. बाही आणि मुंढा मात्र डावीकडचा डावीकडचाच.

धाकटी निघता निघता बाईंनी विचारलं, दंडाचं माप सकाळी घेतलं होतं ना? संध्याकाळी सूज वाढते. शाळा सुटेपर्यंत बाही रुतायला लागली तर काय. असं म्हणून त्यांनी स्वतःच सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. धाकटीने टेप लावला. तेरा भरला. बाईंनी कागदावर साडेबारा खोडून तेरा लिहिला.

"चला, हरवलं ते बरंच झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. धाकटीला मात्र अजून तसं म्हणवत नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने नवं कटिंग काढलं, पूर्ण अंगाचं, आणि जुना फसलेला कच्चा उसवून त्याचं मांजरपाट पुरेल तिथे वापरलं. दुपारी लांब टाके घातलेला दुसरा कच्चा ब्लाउज, टाचण्यांची डबी आणि खडू घेऊन ती पुन्हा दोन जिने चढली.

बाईंच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आरसा होता. मागच्या खेपेला ते दार भिंतीकडे उघडून ठेवलेलं होतं, म्हणजे आरसा भिंतीला तोंड करून. आजही तसंच होतं. बाईंनी कच्चा ब्लाउज घातला, पॅड खिशात सरकवलं, हुकांच्या जागी धाकटीने टाचण्या लावल्या. मग बाई चालत गेल्या आणि त्यांनी ते दार ओढून घेतलं.

मांजरपाटाचा पांढरट, धागे लोंबणारा, टाचण्या टोचलेला ब्लाउज. आरशात बाई बघत राहिल्या. मागे उभ्या धाकटीने कामाचं विचारलं, कुठे ओढल्यासारखं वाटतंय का.

"फळ्यावर लिहायचंय मला," बाई म्हणाल्या आणि डावा हात वर नेला, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाईल इतका. ब्लाउजची खालची कड हातासोबत वर उचलली गेली आणि काखेत कापड ताणलं.

धाकटीला कारण लगेच कळलं. नवशिकी असती तर तिने मुंढा खालून आणखी कापला असता, आणि मग ते आणखी वाईट झालं असतं. मुंढा जितका खोल, तितका हात उचलताना सगळा ब्लाउज वर येतो. तिने उलट केलं. काखेखाली मांजरपाटाचा तुकडा टाचून मुंढा अर्धा इंच वर घेतला, तेवढाच बाहीच्या काखेतला कोपराही वर चढवला आणि ती बाही खालच्या शिवणीत अर्धा इंच सैल सोडली. वर घेतलेल्या मुंढ्याने काखेजवळचा व्रणही झाकला गेला.

"आता बघा."

हात वर गेला. खालची कड जागची हलली नाही म्हणण्याइतपतच हलली. बाईंनी हवेत काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग हात खाली घेतला आणि बाजूने, मागून, पुन्हा पुढून आरशात पाहिलं. यजमानांना हाक मारून आत बोलावलं. ते दारात आले, पाहिलं आणि म्हणाले, टाचण्या सांभाळ. तेवढंच म्हणाले, पण निघून न जाता चौकटीला टेकून तिथेच उभे राहिले.

रविवारी धाकटीने रेशमाला कात्री लावली. ऐंशी सेंटिमीटरमध्ये दोन वेगळ्या बाह्या बसवताना डाव्या बाहीला आतल्या बाजूने जोड द्यावा लागला, पण तो काखेत जात होता, दिसणार नव्हता. उजवी-डावी उलटसुलट होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने खूण केली. अस्तर, खिसा, टक्स, मग खांदे, मग बाह्या, सगळ्यात शेवटी बाजूच्या शिवणी, आत जास्तीचं कापड भरपूर ठेवून, म्हणजे पुढे सूज वाढली तर उसवून सैल करता येईल. हुक थोरलीने लावले. तिची बोटं आतल्या खिशापाशी थांबली, आत जाऊन आली, आणि तिने फक्त एवढंच सांगितलं की खिशाच्या तोंडाशी टीप दुहेरी मार, रोज हात जाणार आहे तिथे. धाकटीने मारली.

संध्याकाळी ब्लाउज पोचवला. बाईंनी घालून पाहिला, आणि या वेळी घालायला त्यांना कोणाची मदत लागली नाही. मापांचा कागद आता त्यांनी दुकानातच ठेवायला दिला. वहीत लिहिलंत तरी चालेल म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, चालेल, पण मागच्या पानावर.

सोमवारी धाकटीचं कशातच लक्ष लागेना. गणवेशाची एक बाही उलटी जोडली, उसवावी लागली. शाळा सुटायची वेळ झाली, टळली. साडेपाचला बाई स्वतःच दुकानात आल्या, करड्या साडीत, डाव्या मनगटापर्यंत खडूची भुकटी. चालून आल्यामुळे धापा टाकत होत्या. थोरलीने पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं.

"बाही रुतली का?" धाकटीने घाईने विचारलं.

बाईंनी बाहीच्या कडेत दोन बोटं घालून दाखवली, सहज गेली.

"मुलांनी पहिल्या तासाला नुसता गोंधळ घातला," त्या म्हणाल्या. "आठ महिन्यांत सगळं विसरलीत. अपूर्णांकांपासून सुरुवात करावी लागणार आहे. तिसऱ्या तासाला तर मी इतकी चिडले की अंगात काय घातलंय हेच विसरले."

पाणी पिऊन त्यांनी उरलेल्या साड्यांचे पीस कधी आणून देऊ ते विचारलं. चार होते. धाकटी म्हणाली, उद्या आणा. थोरलीने सुईत दोरा ओवून द्यायला सांगितला, आणि धाकटीने तो पहिल्याच खेपेला ओवून दिला.